लासलगावचा डेक, गुरुग्रामचा वाचक: मराठी सादरीकरणावरून इंग्रजी ब्रीफ कसं लिहावं

नाशिकच्या कुठल्याही रीजनल ऑफिसात मार्च-एप्रिलमध्ये एक काम हमखास कोणाच्या तरी टेबलावर येऊन पडतं. खरेदीच्या टीमने मराठीत वीस-पंचवीस स्लाइडचा डेक केलेला असतो आणि हेड ऑफिसला संध्याकाळपर्यंत त्याचं इंग्रजीत एक-दीड पान हवं असतं. ज्याचं इंग्रजी बरं, त्याच्या गळ्यात ते पडतं. तो बिचारा पहिल्या स्लाइडपासून ओळीमागून ओळ इंग्रजीत आणत जातो आणि रात्री नऊ वाजता चार पानं पाठवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसकडून अकरा प्रश्न येतात. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं डेकमध्ये असतात, पण ज्या शब्दात असतात तो शब्दच तिकडे पोचलेला नसतो.

इथे एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. समजा, एक कंपनी लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून कांदा घेते, निफाड तालुक्यात भाड्याच्या चाळींत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवते आणि सप्टेंबरपर्यंत बेंगळुरू-दिल्लीकडच्या दुकानांना पुरवते. हेड ऑफिस गुरुग्रामला. एप्रिलअखेरचा डेक आहे, चोवीस स्लाइडचा, विषय ‘उन्हाळ कांदा खरेदी व साठवण नियोजन’. डेकमधले भाव, आवक आणि टक्के उदाहरणापुरते घेतले आहेत. कामाची रीत मात्र तीच.

आधी शेवटची स्लाइड उघडा

आपल्याकडचे डेक कीर्तनासारखे रचलेले असतात. पूर्वरंगात हवामान, लागवड, गेल्या वर्षीचा आढावा, मग उत्तररंग, आणि मागणी अगदी शेवटी, तीही ‘तरी याबाबत योग्य तो निर्णय व्हावा’ अशा अदबीने. सादर करणारा समोर उभा असतो तेव्हा हे चालून जातं. ब्रीफ वाचणारा मात्र एकटा असतो, बहुधा मोबाइलवर असतो, आणि पहिल्या चार ओळींत त्याला कळलं पाहिजे की आपल्याकडून काय हवं आहे.

म्हणून वाचनाची सुरुवात शेवटून करा. आपल्या डेकच्या तेविसाव्या स्लाइडवर लिहिलंय: ‘मे अखेर १००० टन उचल करणे. निधी लागेल. मृगाच्या आत चाळी भरून घेणे.’ यातून चार गोष्टी काढून कागदावर लिहा: काय मागितलंय, किती पैशांचं, कधीपर्यंत, आणि नाही मिळालं तर काय होईल. पहिलं आणि तिसरं स्लाइडवर आहे. पैशांचा आकडा नाही. तो नवव्या स्लाइडवरच्या भावातून काढावा लागेल. चौथ्याचं उत्तर डेकमध्ये कुठेच नाही, कारण टीममधल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे: पाऊस लागला की माल ओला होतो आणि ओला कांदा चाळीत टिकत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं कोणी स्लाइडवर लिहीत नाही, आणि हेड ऑफिसला नेमकं तेच ठाऊक नसतं.

हे चार मुद्दे हातात आले की उरलेल्या स्लाइड वाचताना एकच कसोटी लावायची. या स्लाइडमुळे त्या चारांपैकी एखादा आकडा, तारीख किंवा धोका बदलतो का? नसेल बदलत तर ती ब्रीफमध्ये येत नाही. मेळाव्याचे फोटो, शेतकरी गटांची नावं, पर्जन्यमानाचा तक्ता, सगळं मागे राहतं. चोवीसपैकी सहा-सात स्लाइड हाती उरतात. टीमला याचं वाईट वाटतं, विशेषतः फोटोंचं. त्यासाठी मूळ डेक सोबत जोडायचाच असतो.

एक तांत्रिक अडचण इथेच उरकून घेऊ. जुने डेक अजूनही कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये सापडतात. त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की रोमन अक्षरांची रांगोळी दिसते आणि त्यात शोधही घेता येत नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण आणल्यावर जोडाक्षरं आणि सगळे आकडे मूळ स्लाइडशी ताडून बघा. आणि स्लाइडखालच्या नोट्स उघडायला विसरू नका. बोलणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेली एखादी ओळ तिथे बसलेली असते.

नववी स्लाइड जवळून

सगळ्या डेकचा जीव या एका स्लाइडमध्ये आहे:

‘उन्हाळची आवक वाढली, रोज १४०० नग. भाव साडेबाराशे ते अठराशे, सर्वसाधारण सोळाशे. गोल्टी वेगळी. खाद ८ टक्के धरावी. चाळीत घट नेहमीप्रमाणे. आखाजीनंतर तेजी अपेक्षित.’

नाशिकच्या माणसाला हे एका दमात कळतं. बाहेरच्या माणसाला यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे काही शब्द अडत नाहीत, तर चुकीचे कळतात. अडलेल्या शब्दावर प्रश्न तरी येतो. चुकीच्या कळलेल्या शब्दावर कोणी प्रश्नच विचारत नाही; थेट निर्णय घेतला जातो.

उन्हाळ कांदा घ्या. इंग्रजीत ‘समर अनियन’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल उन्हाळ्यात लावतात. तो लावतात डिसेंबर-जानेवारीत, काढतात मार्चअखेरपासून मेपर्यंत. सरकारी आकडेवारीत याचं नाव रब्बी कांदा, आणि हेड ऑफिसची विश्लेषक मंडळी जे तक्ते बघतात त्यात तेच नाव असतं. तेव्हा ब्रीफमध्ये रब्बी हाच मुख्य शब्द ठेवायचा आणि ‘उन्हाळ’ एकदा सांगून ठेवायचा, कारण फोनवर नाशिकचा माणूस तोच बोलणार आहे. पण खरी माहिती तिसरीच आहे: महिनोन् महिने चाळीत टिकतो तो हाच कांदा. खरिपाचा आणि त्यामागून जानेवारी ते मार्चमध्ये येणारा रांगडा, दोन्ही लवकर विकावे लागतात. १००० टन आत्ताच का घ्यायचे, याचं कारण एवढ्या एका वाक्यात आहे.

याचाच जोडीदार ‘लाल कांदा’. आपल्याकडे लाल म्हणजे खरिपाचा, साधारण ऑक्टोबरपासून येणारा. इंग्रजी वाचकाला ‘रेड अनियन’ म्हणजे रंगावरून पडलेला प्रकार वाटतो, आणि त्याच्या नजरेला तर उन्हाळ कांदाही लालच. सोळाव्या स्लाइडवर ‘लाल आल्यावर भाव पडतील’ असं आहे. ते शब्दशः गेलं तर तिकडे वाटेल की कुठला तरी वेगळ्या जातीचा माल स्पर्धेत उतरतोय. अर्थ असा आहे की नवं पीक बाजारात आलं की साठवलेल्याला उठाव राहत नाही. म्हणून ‘लाल’ हा शब्द ब्रीफमधून पूर्ण काढायचा आणि ‘ऑक्टोबरपासून येणारं नवं खरीप पीक’ असं लिहायचं.

आता ‘१४०० नग’. नग म्हणजे वाहन. लासलगावला आवक नगावर सांगतात: इतके ट्रॅक्टर, इतके पिकअप. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माल जास्त, पिकअपमध्ये कमी, त्यामुळे नगावरून वजन थेट निघत नाही. हेड ऑफिसला मात्र आवक टनांत लागते. मी पाहिलेल्या ब्रीफमध्ये सर्वांत जास्त वेळा घसरणारी जागा हीच. घाईत नगाचे टन होतात. टीमने नगाला सरासरी २० क्विंटल धरले असतील तर १४०० नग म्हणजे २८,००० क्विंटल, म्हणजे २८०० टन. तेच १४०० टन म्हणून गेलं तर बाजार निम्मा दिसेल आणि आपली १००० टनांची खरेदी अवाढव्य वाटेल. नगाचं सरासरी वजन टीमला विचारा आणि ‘टीमच्या अंदाजाने’ हे शब्द वाक्यात राहू द्या.

भावाच्या ओळीत दोन सापळे. पहिला बोलीभाषेतल्या आकड्यांचा. साडेबाराशे म्हणजे १२५०, सव्वादोन हजार म्हणजे २२५०, पावणेदोन हजार म्हणजे १७५०. मराठीच बोलणारा पण इंग्रजी माध्यमात शिकलेला सहकारी ‘पावणे’ला हमखास अडखळतो, तेव्हा असे आकडे मोजणीत मांडून घ्या. दुसरा सापळा ‘सर्वसाधारण’चा. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. हा तिसरा दर किमान-कमालची सरासरी नव्हे. ज्या दराच्या आसपास बहुतांश माल विकला गेला तो दर. केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर, म्हणजे अ‍ॅगमार्कनेटवर त्याच रकान्याला इंग्रजीत ‘मोडल प्राइस’ म्हणतात. इथे १२५० आणि १८०० यांची सरासरी १५२५ निघते आणि सर्वसाधारण आहे १६००. क्विंटलमागे ७५ रुपयांचा फरक म्हणजे १००० टनांवर साडेसात लाख रुपये. हेड ऑफिसमध्ये कोणी दोन टोकांवरून स्वतःच सरासरी काढून बजेट धरलं, तर तेवढे पैसे पहिल्याच दिवशी कमी पडतील.

गोल्टी म्हणजे आकाराने लहान कांदा. तो खराब नसतो. वेगळा काढून कमी भावाने विकला जातो. खाद म्हणजे खराब माल, निवडताना बाजूला पडणारा. लिलावात आख्खी ट्रॉली घ्यावी लागते, निवड नंतर होते, त्यामुळे खादीचेही पैसे आपण मोजलेले असतात. हे न सांगता ‘आठ टक्के वेस्टेज’ लिहिलं तर वाचणारा विचारतो की खराब माल घेतलाच कशाला.

नेहमीप्रमाणे म्हणजे किती?

नवव्या स्लाइडवरचा सगळ्यात महाग शब्द ‘नेहमीप्रमाणे’. डेक लिहिणाऱ्याला फोन लावल्याशिवाय इथून पुढे जाता येत नाही. असा फोन साधारण असा होतो:

‘आप्पा, घट नेहमीप्रमाणे लिहिलीय, तर किती धरू?’

‘अहो ताई, ती काय दर वर्षीचीच. पंचवीस धरा.’

‘कधीपर्यंतची? आणि सड त्यातच आली का वेगळी?’

‘सप्टेंबरअखेर. सड धरून सांगितली. पण खाद काढून जो माल चाळीत गेला ना, त्याच्यावर पंचवीस. घेतला त्याच्यावर नाही.’

आप्पांचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. खाद ८ आणि घट २५, म्हणजे ३३ टक्के गेले, असा हिशेब कोणीही घाईत करेल. प्रत्यक्षात १००० टनांतून आधी ८ टक्के खाद गेली, ९२० टन चाळीत गेले. त्यावर २५ टक्के घट, म्हणजे ६९० टन विकायला हाती. बेरीज करून काढलं असतं तर ६७० आले असते. वीस टनांचा फरक फार नाही, पण हेड ऑफिसने सप्टेंबरमध्ये गोदामाचा साठा ताडला की हेच वीस टन ‘जास्तीचे कुठून आले’ म्हणून विचारले जातात, आणि उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

टक्के कशावर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यात काय धरलंय: प्रत्येक टक्क्याला हे तीन प्रश्न विचारा. मग ब्रीफमधला सर्वांत उपयोगी आकडा आपोआप तयार होतो. १००० टन म्हणजे १०,००० क्विंटल, १६०० ने एक कोटी ६० लाख. हाती विकायला ६९० टन. म्हणजे विकण्याजोगा किलो साधारण २३ रुपये २० पैशांना पडला, आणि त्यात चाळीचं भाडं, हमाली, वाहतूक अजून धरायची आहे. डेकमध्ये हा आकडा कुठेच नव्हता. डेकमध्ये होतं ‘तेजी अपेक्षित’. तेजी हे टीमचं मत आहे, आणि ते ब्रीफमध्ये टीमचं मत म्हणूनच जावं. शेजारी २३ रुपये २० पैसे असले की वाचणारा स्वतः ठरवतो की सप्टेंबरात भाव कुठवर गेला म्हणजे हा सौदा परवडेल.

राहिली आखाजी. अक्षय्य तृतीया दर वर्षी सरकते; २०२४ साली ती १० मेला होती, २०२५ साली ३० एप्रिलला. सण समजावून सांगण्यात इथे काही हशील नाही. त्या वर्षीची तारीख लिहा आणि पुढे चला. तेविसाव्या स्लाइडवरच्या मृगाचंही तेच: मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं, म्हणून ‘जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पावसाआधी’. नक्षत्राबद्दल एक परिच्छेद लिहिण्याचा मोह होतो, मलाही होतो, पण तो कॉफीच्या वेळच्या गप्पांसाठी राखून ठेवावा.

कोणता शब्द ठेवायचा, कोणता काढायचा

वरच्या सगळ्या खटाटोपातून एक रीत दिसते. हेड ऑफिसच्या माणसाला जो शब्द बिलावर दिसणार आहे किंवा फोनवर ऐकू येणार आहे, तो ब्रीफमध्ये ठेवायचा आणि पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात उलगडायचा. उन्हाळ आणि चाळ हे असे. ज्याच्या जागी तारीख, आकडा किंवा साधा इंग्रजी शब्द नेमका बसतो, तो बदलून टाकायचा: आखाजी, मृग, लाल, नग, साडेबाराशे. बाकीचे गाळायचे. शेवटी शब्दार्थांची यादी जोडायची पद्धत बऱ्याच ऑफिसांत आहे. मला ती पटत नाही. मोबाइलवर वाचणारा खाली जाऊन परत वर येत नाही, आणि यादी असली की लिहिणाराही वाक्य सोपं करण्याचे कष्ट घेत नाही.

उलगडा करताना वस्तू कशी दिसते यापेक्षा ती काय करते आणि कुठे तोकडी पडते ते सांगा. चाळ म्हणजे लाकूड-बांबूच्या किंवा जाळीच्या भिंतींची, वर पत्रा किंवा कौलं असलेली हवेशीर शेड. वाचणाऱ्याला त्यातलं एवढंच हवं आहे की ती वाऱ्यावर चालते, शीतगृह नाही, तापमान आपल्या हातात नसतं, आणि म्हणूनच घट पंचवीस टक्के आहे. ‘स्टोरेज शेड’ लिहून मोकळं झालं की दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो: शेडचं तापमान किती ठेवता?

नववी स्लाइड शेवटी अशी उतरते:

```
Rabi onion (locally "unhal"), the only crop that keeps
for months, is at peak arrival: about 1,400 vehicle
loads a day at Lasalgaon, or 2,800 tonnes by our team's
estimate. Most of it sells near Rs 1,600 per quintal
(100 kg); the range is Rs 1,250-1,800.

Of 1,000 tonnes bought, 8% is rejected at sorting. The
rest goes into chaals: open-sided sheds cooled only by
wind. They lose 25% of stored weight by end-September,
rot included. That leaves 690 tonnes to sell, at
Rs 23.20 per kg before rent, handling and freight.
```

मराठीतल्या सहा तुटक वाक्यांचे दोन परिच्छेद झाले. सारांश मूळ मजकुरापेक्षा लहानच हवा, असा आग्रह इथे धरू नका. चोवीस स्लाइडचं दीड पान होतंय, पण त्यातली एक स्लाइड फुगते, कारण निर्णय तिच्यावर उभा आहे.

‘बंद’ कोणी केलं?

चौदाव्या आणि सतराव्या स्लाइडवर धोके आहेत. चौदावी म्हणते, ‘मागील काळात निर्यातबंदीमुळे फटका बसला.’ नाशिकमध्ये बोलताना निर्यातबंदी हा शब्द फार सैल वापरला जातो. प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. तेव्हा माल बाहेर जाऊ शकत होता, फक्त महाग पडत होता. ८ डिसेंबर २०२३ पासून खरी बंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. डेकमधला ‘फटका’ यातल्या कोणत्या टप्प्यावरचा, हे विचारल्याशिवाय ‘ड्यू टू एक्स्पोर्ट बॅन’ लिहू नका. दिल्लीजवळ बसलेल्या वाचकाला या तारखा आपल्याहून चांगल्या ठाऊक असण्याची शक्यता आहे, आणि एक तारीख चुकली की तो बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघतो. आपली खरेदी देशातल्या दुकानांसाठी असल्याने तर हे आणखी जपून लिहायला हवं: निर्यात थांबली की देशात भाव पडतो. तो निर्यातदाराला जसा मारतो तसाच चाळीत महाग माल भरून बसलेल्यालाही मारतो. आपला धोका हा दुसरा आहे.

सतरावी स्लाइड म्हणते, ‘लिलाव बंद राहिल्यास खरेदी खोळंबेल.’ मराठीला कर्ता लपवायची फार सोय आहे. बंद राहिले, ठरवण्यात आले, कळवण्यात येईल. इंग्रजी ब्रीफच्या वाचकाला कोणी केलं ते लागतं, कारण उपाय त्यावर ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काविरोधात व्यापाऱ्यांनी लिलावातून अंग काढून घेतलं होतं. कधी भावावरून शेतकरी लिलाव बंद पाडतात. कधी हमाल-मापाऱ्यांचा हमाली-तोलाईच्या कपातीवरून वाद असतो. आणि दिवाळीची सुट्टी असते ती समितीची, आधी जाहीर झालेली. पहिल्या तिन्हींत कधी सुरू होईल सांगता येत नाही. चौथ्याचं वेळापत्रक हातात असतं. ब्रीफमध्ये चारही घालू नका. मे महिन्यात कोणता प्रकार संभवतो हे आप्पांना विचारून तेवढाच लिहा.

इथेच एक शब्द नीट हाताळावा लागतो: व्यापारी आणि अडत्या. दोघांनाही ‘मिडलमन’ म्हणून टाकलं जातं. व्यापारी स्वतःच्या पैशाने बोली लावून माल घेतो. अडत्या दुसऱ्याचा माल विकून देतो आणि अडत घेतो. महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. कंपनी स्वतः खरेदीदार असेल तर ही रक्कम लागते की नाही, लागत असेल तर कोणत्या सौद्यांवर, हे खर्चाच्या ओळीत स्पष्ट यायला हवं.

गावांची नावं पटकन: एकच स्पेलिंग ठरवा आणि नकाशावर सापडेल तेच घ्या. नुसतं पिंपळगाव लिहू नका, पिंपळगाव बसवंत लिहा. ‘कसमादे पट्टा’ नकाशावर नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा अशी चारही नावं लिहा. सटाणा शहर ज्या तालुक्यात आहे त्याचं नाव कागदोपत्री बागलाण, तेव्हा तालुकावार तक्ता जोडणार असाल तर तेही कंसात असू द्या.

मांडणी आणि पडताळणी

आता वरचा परिच्छेद. तो सगळ्यात शेवटी लिहायचा आणि सगळ्यात आधी ठेवायचा:

```
Approval sought: Rs 1.6 crore to buy 1,000 tonnes of
rabi onion at Lasalgaon and Pimpalgaon Baswant by 31 May.
After the rains set in during June, onions arrive
damp and do not store. Prices as of the deck's date.
```

गुरुग्रामचा वाचक लाख-कोटीतच विचार करतो, त्यामुळे कोटी तसेच राहू द्या. ब्रीफ तिथून परदेशी मूळ कंपनीकडे जाणार असेल तर शेजारी १६ मिलियन लिहा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी स्लाइडचा क्रमांक टाका, म्हणजे कोणाला मूळ बघायचं असेल तर त्याला मराठी येत नसलं तरी बरोबर स्लाइड उघडून शेजारच्या मराठी सहकाऱ्याला विचारता येईल. आणि जिथे आकडा डेकमधला नसून तुम्ही काढलेला आहे, जसे इथले २८०० टन किंवा २३ रुपये २० पैसे, तिथे तसं लिहा.

पडताळणी दोन माणसांकडून. पहिले आप्पा. त्यांना इंग्रजी ब्रीफ मेल करून ‘बघून घ्या’ म्हणण्यात अर्थ नाही. भिडेखातर ते ‘छान आहे’ म्हणतील. त्याऐवजी ब्रीफ समोर धरा आणि त्यावरून फोनवर मराठीत सांगत जा, डेककडे न बघता: ‘मी असं लिहिलंय की चाळीत घातलेल्यातला चौथा हिस्सा सप्टेंबरपर्यंत जाईल.’ चूक असेल तर आप्पा तिथल्या तिथे अडवतात. मजकूर इंग्रजीतून परत मराठीत आला की कुठे वाकला ते त्यांच्या कानाला लगेच कळतं. या फोनला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तो कधीही टाळू नये.

दुसरा माणूस कांद्याशी संबंध नसलेला हवा. अकाउंट्समधला, शक्यतो महाराष्ट्राबाहेरचा. त्याला ब्रीफ वाचायला देऊन काढून घ्या आणि तीन प्रश्न विचारा: किती पैसे मागितले, जूनमध्ये का नाही घ्यायचे, आणि १००० टनांतले विकायला किती उरतील? तिसऱ्याला तो चाचरला तर नवव्या स्लाइडचा दुसरा परिच्छेद पुन्हा लिहा. ‘चाळ म्हणजे कोल्ड स्टोरेजच ना?’ असं त्याने विचारलं तर उलगडा फसलाय. वाक्यात ‘वाऱ्यावर चालते’ हे पुढे आणा.

भाव रोज हलतो. ब्रीफ मंजुरीच्या रांगेत आठवडाभर पडून राहिलं तर १६०० चा आकडा शिळा होतो आणि त्यावर उभा असलेला २३ रुपये २० पैशांचाही. म्हणून सर्वसाधारण दर किती रुपयांच्या पुढे गेला तर ही मागणी पुन्हा तपासायची, ती मर्यादा टीमकडून घेऊन शेवटच्या ओळीत लिहा, आणि ती ओलांडली गेली की मंजुरीची वाट न बघता दोन ओळींची दुरुस्ती त्याच मेलच्या साखळीत पाठवा.